पुस्तकंही आहेत म्हणे

गेली तीस वर्षं मी वर्तमानपत्रातली सदरं नेमाने वाचतो. त्यामुळे नववीतली पुतणी सरावाचा उतारा घेऊन आली आणि "काका, लेखकाचा सूर ओळखायचाय" म्हणाली, तेव्हा मी चष्मासुद्धा नीट न लावता कागद ओढून घेतला.

उतारा एका सदरातला होता, नूतनीकरण झालेल्या वाचनालयावर. "अखेर आपले वाचनालय कात टाकून उभे राहिले. चोवीस गुबगुबीत खुर्च्या आहेत, थंड पाण्याचे यंत्र आहे, दोन भव्य आरसे आहेत. पुस्तकंही आहेत म्हणे." खाली पर्याय : कौतुकाचा, उपरोधिक, संतप्त, तटस्थ.

"कौतुकाचा," मी म्हणालो. "गुबगुबीत काय, भव्य काय, माणूस नुसता भारावलाय."

पुतणीने माझ्याकडे डॉक्टर रिपोर्टकडे बघतात तसं बघितलं. मग 'म्हणे'वर पेन्सिल टेकवली. "हे खोडून वाचा."

मी वाचलं. "पुस्तकंही आहेत." साधी माहिती झाली. उपरोध गेला कुठे? तर त्या दोन अक्षरांत होता. वाचनालयात पुस्तकं आहेत ही गोष्ट लेखक ऐकीव बातमीसारखी सांगत होता. शाळेत बाईंनी तिला हीच युक्ती शिकवली होती: संशयित शब्द काढायचा किंवा त्याजागी बेचव शब्द घालायचा आणि काय नाहीसं होतं ते बघायचं. 'भव्य'च्या जागी 'मोठे' घातलं तर आरसे नुसते आरसे उरतात. 'अखेर' काढलं तर किती वर्षं काम रखडलं होतं तो टोमणा जातो. शिवाय क्रम बघायचा. खुर्च्या पहिल्या आणि पुस्तकं शेवटी, तीही 'ही' लावून.

"मग संतप्त का नाही?" मी हट्टाने विचारलं. वाचनालयात पुस्तकांची ही गत बघून मला तरी राग आला होता.

"तो तुमचा राग झाला, काका. लेखकाने कुणाला फैलावर घेतलंय, काही मागणी केलीय, असं एक वाक्य दाखवा."

दाखवता आलं नाही. लेखक अख्ख्या उताऱ्यात एकदाही आवाज चढवत नव्हता. चढवत होतो मी.

पुढच्या प्रश्नाला मात्र मी सावध झालो. उताऱ्याच्या शेवटी जुने ग्रंथपाल येतात. "आमचे ग्रंथपाल अजून तिथेच आहेत. पुस्तक मागितले की आधी चोराकडे बघावे तसे बघतात, मग मागितलेले बाजूला ठेवून आपण वाचायला हवे ते हातात देतात. गेल्या वीस वर्षांत त्यांचा अंदाज माझ्या बाबतीत एकदाही चुकलेला नाही." प्रश्न : लेखकाची ग्रंथपालांविषयीची भावना कोणती?

"खिल्ली!" मी ओरडलोच. एव्हाना मला सगळीकडे उपरोध दिसू लागला होता. कंसातल्या सूचनेतही दिसला.

"सूर थट्टेचाच आहे," ती समजुतीने म्हणाली, "पण भावना जिव्हाळ्याची आहे." सूर म्हणजे बोलण्याची तऱ्हा, आणि भावना म्हणजे ज्याच्याविषयी बोलतोय त्याच्याबद्दल मनात काय आहे ते. दोन्ही एकच असतील असं नाही. आजी नातवाला 'मेल्या' म्हणते, तेव्हा तिला काही त्याचं वाईट चिंतायचं नसतं. इथे पुरावा 'चुकलेला नाही' या शब्दांत होता आणि 'आमचे'मध्येही. वाचनालयाला लेखक 'आपले' म्हणतो, सगळ्यांचं, सभेत म्हणतात तसं. 'आमचे' त्याने ग्रंथपालांसाठी राखून ठेवलंय. उत्तर लिहिताना पुरावा दोन ठिकाणचा हवा, एका शब्दावर डाव लावायचा नाही, हेही बाईंचंच.

या बाई मला तीस वर्षांपूर्वी भेटायला हव्या होत्या. कारण बैठका लवकर संपाव्यात म्हणून सर्वांनी एका पायावर उभं राहून चर्चा करावी, असं एका सदरात वाचून मी तेव्हा लेखकाला जाहीर पाठिंब्याचं पत्र पाठवलं होतं. ज्येष्ठांना सवलत असावी, एवढी एकच दुरुस्ती सुचवली होती. त्यांचं उत्तर आलं. ते आजही दिवाणखान्यात चौकटीत लटकतंय : "आपले पत्र वाचून मला माझ्या लेखनाचा नव्याने विचार करावा लागला."

पुतणी कागद आवरून उठली. जाताना तिची नजर त्या चौकटीवर गेली. मी घाईघाईने म्हणालो, "हा कौतुकाचाच सूर आहे ना गं?"

ती बराच वेळ चौकटीसमोर उभी राहिली.

"एकाच ओळीवरून नाही सांगता येत, काका," ती म्हणाली. अगदी गंभीरपणे. म्हणजे, मला तरी तो सूर गंभीरच वाटला.