पन्नास टक्के देईल तोच आपला बिल्डर

कोथरूड, कर्वेनगर, सहकारनगर अशा भागातली तुमची तीन मजली, बिनलिफ्टची इमारत चाळिशी ओलांडून गेली असेल आणि बाल्कनीच्या स्लॅबमधल्या सळया दिसू लागल्या असतील, तर रिडेव्हलपमेंटचा विषय आज ना उद्या निघणारच. तो निघाला की पहिलं काम म्हणजे पलीकडच्या सोसायटीला किती टक्के जास्त कार्पेट मिळालं, ते विचारून या. त्यांचा प्लॉट केवढा, सभासद किती, पुढचा रस्ता किती रुंद, असल्या चौकशा करत बसू नका. नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावरच्या प्लॉटवर टीडीआर, म्हणजे बाहेरून विकत घेतलेला जादा बांधकामाचा हक्क, चढवता येत नाही. म्हणून एकाच गल्लीच्या दोन टोकांना दोन वेगळे हिशेब निघू शकतात. पण हे समजून घेतलं तर पुढची मजाच जाईल.

प्रकल्प सल्लागार नेमून फिजिबिलिटी रिपोर्ट करून घ्यावा, असं कोणी तरी सुचवेलच. त्याला फी किती, एवढंच विचारा, म्हणजे विषय संपेल. सल्लागाराचा मोठा दोष असा की तो प्लॉट मोजतो, मंजूर नकाशे काढतो आणि बिल्डरच्या जागी बसून बेरीज-वजाबाकी करतो. ती कशी असते ते एकदाच बघून घ्या आणि विसरून जा.

समजा, तुमचे वीस फ्लॅट, प्रत्येकी ६०० चौरस फूट कार्पेट, म्हणजे एकूण १२,००० फूट. प्लॉटवर सगळी परवानगी वापरून नव्या इमारतीत २८,००० फूट कार्पेट बसतं. तुम्हाला ३५ टक्के जास्त द्यायचे तर सभासदांचे १६,२०० फूट जातात आणि बिल्डरला विकायला ११,८०० उरतात. फुटाला चौदा हजार भाव धरला तर त्याचे साडेसोळा कोटी होतात. आता खर्च. बांधकाम सव्वाअकरा कोटींच्या आसपास, तुम्हा वीस जणांना महिना पंचवीस हजारांप्रमाणे तीन वर्षांचं भाडं एक कोटी ऐंशी लाख, महापालिकेचं प्रीमियम आणि टीडीआर मिळून दीड कोटी. बेरीज साडेचौदा कोटी. बिल्डरला दोन कोटी सुटतात, म्हणजे इमारत उभी राहण्याची शक्यता आहे.

आता तुम्ही ताणून पन्नास टक्क्यांवर न्या. सभासदांचे १८,००० फूट झाले, विकायला दहा हजार उरले, त्याचे चौदा कोटी. साडेचौदा खर्च करून चौदा मिळवायचे! या हिशेबात तुमचा प्रत्येक टक्का १२० फुटांचा, म्हणजे जवळपास सतरा लाखांचा आहे. ‘अजून दोन टक्के तरी वाढवा’ असं म्हणताना तुम्ही चौतीस लाख मागत असता. म्हणून तर हे वाक्य चहा-बिस्किटांच्या वेळी सहज म्हणायचं असतं.

तरी पन्नास टक्क्यांचं पत्र देणारा बिल्डर सापडतोच. त्याला कसं परवडतं, हे विचारणं असभ्यपणाचं आहे. कदाचित तो मोजणीच्या वेळी तुमचे ६०० फूट ५६० भरवेल. कदाचित नव्या फ्लॅटच्या आकड्यात बाल्कनी धरेल. रेरा कायद्याच्या व्याख्येत कार्पेटमध्ये आतल्या भिंती येतात, बाल्कनी येत नाही. पण पत्रात नुसतं ‘कार्पेट’ लिहिलेलं असेल तर ‘कोणतं?’ असं विचारून त्या माणसाला ओशाळं करू नका. दुसऱ्या बिल्डरने पस्तीस टक्के लिहून सोबत खर्चाचा तक्ता आणि पूर्ण झालेल्या तीन इमारतींचे पत्ते जोडले असतील, तर तो कंजूष समजावा.

संमतीचंही एक शास्त्र आहे. २०१९च्या शासन निर्णयाप्रमाणे रिडेव्हलपमेंट ठरवणाऱ्या सभेला दोन तृतीयांश सभासद हजर हवेत आणि एकूण सभासदांपैकी निदान ५१ टक्क्यांची संमती हवी. वीस जणांत म्हणजे चौदा हजर आणि अकरा होकार. म्हणून तुम्हाला विरोध करायचा असेल तर सभेत येऊन बोलू नका, घरीच थांबा. सात जण घरी थांबले की गणसंख्या भरत नाही. यासाठी तळमजल्यावरचे, ज्यांनी वीस वर्षांपूर्वी बाजूच्या मोकळ्या जागेत अळू आणि जास्वंद लावून तिला मनातल्या मनात आपल्या नावावर केलं आहे, ते काका फार उपयोगी पडतात. परदेशी स्थायिक झालेल्या मुलाच्या बंद फ्लॅटलाही मत असतं, हे तर सभा तहकूब झाल्यावरच आठवावं. होकार देणाऱ्यांनी कागदावर सही करण्याआधी तो वाचू नये. बाकीच्यांनी केलीय, एवढं पुरे. बिल्डर निवडीची सभा निबंधकांच्या अधिकाऱ्यासमोर होते आणि तिचं चित्रीकरण होतं, तेव्हा कॅमेऱ्यात नीट दिसेल असं बसा. नंतर ‘मला काही सांगितलंच नव्हतं’ म्हणताना तोच पुरावा असतो.

करारनाम्याच्या वेळी वकिलाला जास्त बोलू देऊ नका. तो प्रकल्प खर्चाच्या वीस टक्क्यांची बँक गॅरंटी मागेल, कारण शासन निर्णयात ती आहे. आपल्या हिशेबात ती दोन कोटी नव्वद लाखांची होते. बिल्डर म्हणेल, ‘काका, विश्वास नाही का?’ हा प्रश्न ऐकल्यावर पुणेकराने मान खाली घालायची आणि गॅरंटीचं कलम गाळायचं. मधेच काम थांबलं तर करार कसा रद्द करायचा, याचं कलम तर अभद्रच. शुभकार्यात असं कोणी बोलतं का?

मग येतो वेळापत्रकाचा भाग. दोन वर्षांत काम पूर्ण करावं, अपवादात्मक स्थितीत तीन, असं त्याच निर्णयात आहे. टप्पे मात्र सरळ आहेत: करारनाम्याची नोंदणी, नकाशा मंजुरी, बांधकाम सुरू करण्याची परवानगी, घरं रिकामी करणं, पाडकाम, जोते तपासणी, एकेक स्लॅब, शेवटी भोगवटा प्रमाणपत्र. यांत तुम्हाला फक्त एकच बदल करायचा आहे. परवानगीच्या आधीच घर रिकामं करा. बिल्डर म्हणेल, ‘परवानगी येईलच, तोवर पाडकाम करून घेऊ, तुमचाच वेळ वाचेल.’ तुमच्या हातात राहिलेली एकमेव चीज म्हणजे तुम्ही त्या घरात राहता आहात ही गोष्ट. ती सोडून दिली की बाकी सगळं बिल्डरच्या सोयीने होतं, आणि हलकं वाटतं.

भाड्याचे अकरा महिन्यांचे चेक एकदम मिळतील. ते वटत असताना पत्र्याच्या कुंपणाच्या फटीतून खड्डा बघायला रोज संध्याकाळी जा. बाराव्या महिन्यात नवे चेक मागितले की ‘प्रीमियमचा हप्ता भरतोय, पुढच्या आठवड्यात’ हे उत्तर येईल. चौदाव्या महिन्यात बिल्डरचं ऑफिस बाणेरला हललेलं असेल. तेव्हा तातडीने सभा बोलवा आणि सगळ्यात आधी सेक्रेटरीला शिव्या घाला, कारण तो बिनपगारी आहे.

शेवटी दुसरा बिल्डर येईल. तो आधी जुना करार रद्द झाल्याचा कागद मागेल, कोर्टात काय चालू आहे ते विचारेल, थकलेल्या भाड्याचा आकडा घेईल, बरोबरच्या माणसाकडून प्लॉट मोजून घेईल आणि अठ्ठावीस टक्के सांगेल. त्या वेळी कोणी तरी मागच्या रांगेतून उठून म्हणायचं असतं, ‘अहो, आधीचा पन्नास देत होता.’