करंट वाटेत खर्च होत नाही

"वीज म्हणजे नळाचं पाणी. बॅटरी ही करंटची टाकी. वाटेतल्या रोधात करंट खर्च होतो, म्हणून एकसर जोडणीत पहिला बल्ब झगझगीत आणि शेवटचा मिणमिणता. वायर जितकी जाड तितका करंट जास्त, अगदी पाइपसारखं." (दहावीच्या पालकांच्या ग्रुपवरचा फॉरवर्ड)

पाण्याची उपमा मला आवडते, तिचा हिशेब मात्र इथे चुकलाय.

आधी तो 'खर्च'. गच्चीवरच्या टाकीतून खाली येणाऱ्या पाइपात एक व्हॉल्व्ह अर्धवट बंद आहे. व्हॉल्व्हच्या आधी मिनिटाला 10 लिटर पाणी जात असेल, तर पुढेही 10 लिटरच जाणार. गळती नसेल तर उरलेलं जाईल कुठे? व्हॉल्व्ह ओलांडताना घटतो तो दाब. मिनिटाचे लिटर म्हणजे विद्युतधारा, दाबातला फरक म्हणजे विभवांतर, व्हॉल्व्हची अडवणूक म्हणजे रोध.

दहावीतल्या भाचीला हे पटेना, म्हणून दीड व्होल्टचे चार सेल घेतले, म्हणजे 6 व्होल्ट. त्यांना 100 आणि 200 ओहमचे रोधक एकसर जोडले. एकूण रोध 300 ओहम, म्हणून धारा 6 ÷ 300 = 0.02 अँपिअर. मल्टिमीटर पहिल्या रोधकाआधी लावला, मग दोघांच्या मध्ये, मग शेवटी. तिन्हीकडे वीसच मिलीअँपिअर. विभवांतर मात्र वाटलं गेलं होतं: 100 ओहमवर 2 व्होल्ट, 200 वर 4. रोधकांची अदलाबदल केली, तरी 4 व्होल्ट 200 वाल्यावरच. बल्बचंही तसंच: एकसर जोडणीत ज्याचा रोध जास्त तो जास्त उजळतो, मग तो रांगेत कुठेही असो.

बॅटरीला टाकी म्हणण्यापेक्षा पंप म्हणा. खाली आलेलं पाणी ती पुन्हा वर चढवते, आणि उतरते तेव्हा संपते ती रासायनिक ऊर्जा. किती धारा जाणार हेही ती एकटी ठरवत नाही. त्याच 6 व्होल्टला 600 ओहम जोडले, तर धारा निम्मी होते.

जाडीचं म्हणणं अर्धं खरं आहे. वायरचा व्यास दुप्पट केला की क्षेत्रफळ चौपट होतं आणि रोध पाव होतो. पाइपात पाणी भिंतीला चिकटतं, कडेला संथ आणि मधोमध वेगात वाहतं. त्यामुळे प्रवाह संथ, न घुसळणारा असेल, तर व्यास दुप्पट केल्यावर तेवढ्याच दाबाला सोळापट पाणी जातं. तारेतली धारा मात्र अख्ख्या छेदातून सारखी वाहते. इथे उपमा सोडून द्यायची.

आणखी एका जागी ती दगा देते. पाइप कापला की पाणी सांडतं, वायर कापली की धारा थांबते, कारण मधल्या हवेचा रोध प्रचंड असतो. म्हणून परिपथ 'उघडा' म्हणजे नळ बंद. भाची पहिल्या दिवशी नेमकी इथेच अडली होती.