पासवर्ड बदलला, तरी ॲपची परवानगी कायम असते

“एक्सला बाहेरची ॲप्स चालत नाहीत, म्हणून शेड्युलिंगचं ॲप जोडलं की खातं लॉक होतंच. घाबरू नका, पासवर्ड बदला आणि ॲप फोनमधून काढून टाका, त्याचा तुमच्या खात्याशी संबंध संपला. एकदा लॉक उघडलं की सगळं पहिल्यासारखं!”

खाते लॉक झालेल्यांना धीर देणारा हा संदेश. त्यातले पहिले विधान नियमांशीच जुळत नाही. ठरलेल्या वेळी पोस्ट जाईल अशी व्यवस्था करण्यास एक्सची मनाई नाही. ब्राउझरमधून पोस्ट लिहिताना चौकटीखाली दिसणारे कॅलेंडरचे चिन्ह त्याच कामासाठी दिलेले आहे. मनाई आहे ती वेगळ्या गोष्टींना: यंत्राकरवी लाइक देणे, घाऊक प्रमाणात लोकांना फॉलो करून पुन्हा सोडून देणे, आणि एकच मजकूर एकाच वेळी अनेक खात्यांवरून टाकणे. यांपैकी शेवटचा निर्बंध फेब्रुवारी 2018 मध्ये, ट्विटर हे नाव असताना, स्पष्ट शब्दांत जाहीर झाला होता. अडचण अशी की शेड्युलिंगचे म्हणून घेतलेल्या साधनात ही इतर कामेही एकेका बटणामागे बसवलेली असतात आणि ‘प्रतिसाद वाढवा’ अशा निरुपद्रवी नावाने ती सुरू होतात.

आमच्या वाचनालयाच्या खात्याचे असेच झाले. खाते मी सांभाळतो, त्यामुळे ते बटण दाबणारा हातही माझाच होता. मराठीविषयीचा हॅशटॅग असलेल्या पोस्टना आपोआप लाइक द्यावे, अशी सूचना मी साधनाला देऊन ठेवली होती. एरवी दिवसाला पाच-दहा पोस्ट सापडत, त्यामुळे ते कोणाच्या डोळ्यांवर आले नाही. 27 फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, त्या हॅशटॅगला पूर आला आणि आमचे वाचनालय मध्यरात्रीपासून दिसेल त्याला लाइक देत सुटले. सकाळी खाते उघडले तेव्हा स्वयंचलित वर्तनामुळे ते लॉक केल्याची सूचना समोर होती. त्या दिवसासाठी लावून ठेवलेल्या चार पोस्टचा यात काहीच दोष नव्हता.

आता पासवर्डविषयी. शेड्युलिंगचे साधन जोडताना आपण एक्सच्याच पानावर जातो आणि तेथे परवानगीचे बटण दाबतो. त्या क्षणी साधनाला आपला पासवर्ड मिळत नाही, त्याला टोकन, म्हणजे आपल्या वतीने काम करण्याचा सांकेतिक परवाना, मिळते. घराची किल्ली न देता शेजाऱ्याला मागच्या दाराची वेगळी किल्ली करून द्यावी, तसा हा प्रकार आहे. पुढच्या दाराचे कुलूप बदलले म्हणून मागच्या दाराची किल्ली निकामी होत नाही. परवानगी देण्याच्या जुन्या पद्धतीच्या, म्हणजे ओऑथ 1.0a च्या टोकनला तर मुदतच नसते. खातेदाराने परवानगी काढून घेईपर्यंत किंवा एक्सने ते ॲपच बंद करेपर्यंत ते चालू राहते. नव्या पद्धतीत टोकन दोन तासांत संपते खरे, पण `offline.access` ही परवानगी दिलेली असेल तर साधन आपल्याला न विचारता नवे टोकन मिळवत राहते. परवानगीच्या पानाचा पत्ता नीट पाहिला तर `scope` या शब्दापुढे ही यादी वाचता येते. पोस्ट पाठवण्यापुरत्या साधनाने तेथे `like.write` किंवा `follows.write` मागितले असेल, तर तेथेच थांबून विचार करावा.

पासवर्ड बदलणे खरोखर उपयोगी पडते ते एका वेगळ्या प्रसंगी. काही साधने एक्सच्या पानावर न नेता स्वतःच्याच चौकटीत आपले वापरकर्तानाव आणि पासवर्ड भरून घेतात. ती आपल्या नावाने थेट आत शिरतात, म्हणून परवानग्यांच्या यादीत दिसतही नाहीत. त्यांच्यासाठी पासवर्ड बदलावा आणि `Sessions` मध्ये जाऊन इतर सर्व ठिकाणचे लॉगिन बंद करावे.

फोनमधून ॲप काढून टाकण्याने मात्र दोन्ही प्रसंगी काही साधत नाही. पोस्ट पाठवणारा कार्यक्रम फोनवर चालत नसतो, तो साधन बनवणाऱ्यांच्या सर्व्हरवर चालतो आणि टोकनही तेथेच साठवलेले असते. फोनवरून जाते ती फक्त त्याची खिडकी. वर्षानुवर्षे विसरलेल्या ॲपमुळे काय होऊ शकते, याचे उदाहरण मार्च 2017 मध्ये दिसले. ट्विटर काउंटर नावाच्या आकडेवारी दाखवणाऱ्या सेवेत हल्लेखोर शिरले आणि तिला लिहिण्याची परवानगी देऊन ठेवलेल्या अनेक नामांकित खात्यांवरून स्वस्तिकाचे चिन्ह आणि तुर्की भाषेतील मजकूर प्रसिद्ध झाला. त्यासाठी त्या खात्यांचे पासवर्ड कोणी चोरले नव्हते.

राहिला प्रश्न लॉक उघडल्यानंतरचा, आणि माझ्या मते संदेशातील सर्वांत महाग पडणारी चूक येथेच आहे. मी फोनवर आलेला कोड भरला, कोडे सोडवले, पासवर्ड बदलला आणि निर्धास्त झालो. वीस मिनिटांत खाते पुन्हा लॉक झाले. खाते लॉक असताना साधनाच्या विनंत्या परत फिरत होत्या, आणि लॉक उघडताच ते थांबलेल्या ठिकाणापासून पुन्हा लाइक देऊ लागले होते. म्हणून क्रम महत्त्वाचा आहे. लॉक उघडला की पोस्ट न टाकता, कोणाला उत्तर न देता, प्रथम ब्राउझरमध्ये पुढील मार्गाने जावे:

```
Settings and privacy
  > Security and account access
    > Apps and sessions
      > Connected apps
```

थेट जायचे असल्यास `x.com/settings/connected_apps` हा पत्ता चालतो. तेथे प्रत्येक ॲपचे नाव दिसते, आणि नावावर दाबले की त्याला काय करता येते हे कळते. केवळ वाचण्याची परवानगी असलेले ॲप खाते लॉक करवू शकत नाही. लिहिण्याची किंवा थेट संदेशांची परवानगी असलेली ॲप्स आधी पाहावीत आणि `Revoke app permissions` हे बटण दाबावे. माझ्या यादीत तीन नावे निघाली. एक ते साधन, दुसरे एका स्पर्धेसाठी कधीकाळी जोडलेले छायाचित्रांचे ॲप, आणि तिसरे ‘तुमचा स्वभाव कोणत्या लेखकासारखा’ असे सांगणारे एक कोडे. या शेवटच्या कोड्याकडे आमच्या वाचनालयाच्या नावाने लिहिण्याचा अधिकार होता.

परवानगी खरोखर गेली की नाही, हे साधनाच्या बाजूने तपासता येते. मी त्यात दहा मिनिटांनंतरची एक चाचणी पोस्ट लावून ठेवली. वेळ झाली, पोस्ट गेली नाही आणि साधनाच्या नोंदीत `401 Unauthorized` असे उमटले. जुन्या पद्धतीने जोडलेल्या साधनांत त्या जागी `89`, म्हणजे टोकन अवैध किंवा मुदत संपलेले, असा आकडा दिसतो. नोंदीत `326` दिसला तर मात्र गैरसमज करून घेऊ नये. त्याचा अर्थ खाते अजून लॉक आहे इतकाच असून परवानगी शाबूतच असते.

परवानगी काढल्याने साधनाकडे आधी गेलेला मजकूर पुसला जात नाही. रांगेतील पोस्टही त्यांच्या सर्व्हरवर पडून राहतात, आणि कधी पुन्हा ते साधन जोडले तर आपोआप निघू शकतात, म्हणून रांग आधी रिकामी करावी. वर्गणीचेही तसेच आहे. एक्सवरचे बटण दाबल्यावर माझा हिशेब संपला असे मी धरून चाललो होतो, आणि पुढच्या महिन्यात त्या साधनाची वर्गणी बँकेच्या खात्यातून नेहमीप्रमाणे कापली गेली. ती थांबवण्यासाठी साधनाच्याच संकेतस्थळावर जाऊन वेगळे रद्दीकरण करावे लागले.