एटीएमनं पैसे गिळले? मग बँकेला असं लिहा, म्हणजे जन्मात परत मिळणार नाहीत

मशीन घरघरलं, आत नोटा मोजल्याचा आवाज आला, झडप काही उघडली नाही, आणि तेवढ्यात खिशातला मोबाईल वाजला: दहा हजार डेबिट. आता काय करायचं हे आम्हाला विचारा. गेल्या शुक्रवारपासून आम्ही यातले तज्ञ झालोय, टिळकवाडीतल्या एका एटीएमच्या कृपेनं. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, कुठल्याही मशीननं हा प्रसाद दिला तरी खालचे सल्ले मनापासून पाळा.

पहिला सल्ला, काहीच लिहू नका. नियम आहेच की ओ, पाच दिवसात पैसे आपोआप येतात, मग कागद कशाला खराब करायचा? काउंटरवर जाऊन तोंडी सांगा. पलीकडचा माणूस स्क्रीनवरून मान न काढता "येतंय येतंय, वेट माडरी" म्हणेल, तुम्ही समाधानानं घरी या. तुम्ही शाखेत आला होता याचा पुरावा म्हणजे तुमची चप्पल झिजली तेवढाच.

दुसरा सल्ला, मशीनमधून बाहेर पडलेली ती चिठ्ठी तिथंच टाका. खाली शंभर पडलेल्या असतात त्यात आपली एक. तिच्यावर एटीएमचा आयडी असतो, तारीख असते, वेळ असते, बारा आकडी संदर्भ क्रमांक असतो, हे सगळं फारच कंटाळवाणं. आणि चुकून घरी आणलीच तर फोटो काढू नका, पाकिटात ठेवा, तो कागद असा आहे की उन्हाळ्यात थोड्याच दिवसात कोरा होतो, मग बँकेत कोरा कागद अभिमानानं दाखवा. चिठ्ठी आलीच नाही, "पेपर नाही" असं दिसलं, तर मशीनवर चिकटवलेला आयडी अजिबात बघू नका. मेसेजमधली वेळ तर लगेच डिलीट करा.

तिसरा. कस्टमर केअरचा नंबर इंटरनेटवर शोधा, जो पहिला दिसेल तो लावा. कार्डाच्या मागं छापलेला नंबर कोण वाचतंय. समोरचा गोड बोलणारा माणूस रिफंडसाठी ओटीपी मागेल तो द्या, म्हणजे दहाच्या जागी सगळंच एकदम जाईल, हिशोब सोपा.

चौथा सल्ला महत्त्वाचा आहे, म्हणून जरा सविस्तर. खातं एका बँकेत आणि मशीन दुसऱ्या बँकेचं असेल तर मशीनवाल्या बँकेत जा. कारण मशीन त्यांचं, पैसे त्यांच्या मशीनमध्ये अडकले, सरळ आहे. ते म्हणतील तुमचं खातं आमच्याकडं नाही, तुमच्या बँकेत जावा. तुमच्या बँकेत गेला की ते म्हणतील मशीन आमचं नाही, त्यांच्याकडं जावा. मी शनिवारी जाणार होतो तर दुसरा शनिवार, बंद. मग रविवार, तो तर रविवारच. सोमवारी गेलो तर सर्वर इल्लरी. दुपारी जेवण. जेवण झाल्यावर ज्या बाई हे बघतात त्या रजेवर, आणि ज्या बाई रजेवर नाहीत त्या हे बघत नाहीत. मग मशीनवाल्या बँकेत, तिथं दारावरच्या वॉचमननंच निकाल दिला, "निम्म ब्यांकिग होगरी", तुमच्या बँकेत जावा, म्हणजे साहेबापर्यंत जायची गरजच नाही, न्यायालय गेटवरच. परत माझ्या शाखेत, तर "नाळे बर्री", उद्या या. अर्ज मराठीत दिला तर साहेबांना वाचता येत नाही, हा विषय मी आज काढत नाही, काढला तर लेख संपणार नाही. अरे पण पैसे कुणाच्या खात्यातून गेले? माझ्या. माझं खातं कुणाकडं? तुमच्याकडं. कार्ड कुणी दिलं? तुम्ही. मशीन कुणाचंही असू दे, तक्रार कार्ड देणाऱ्या बँकेनंच घ्यायची, रिझर्व्ह बँकेनं हे स्वच्छ सांगितलंय. दोन बँकांचा आपापसातला हिशोब नॅशनल फायनान्शियल स्विचवरून होतो, तो चालवतं एनपीसीआय, वाद घालायचा तर तुमच्या बँकेनं मशीनवाल्या बँकेशी तिथं घालायचा असतो. त्या भांडणात मला रिक्षानं फिरवायचं कारण काय? मी काय त्यांचा हमाल?

असो. सल्ले चालू ठेवतो.

पाचवा, अर्जात भावना ओता. "मी तीस वर्षांचा जुना ग्राहक, माझी आई आजारी, तुम्ही चोर आहात." आकडे कुठंच नको.

सहावा, पोच मागू नका. साहेबांना वाईट वाटतं.

आणि सातवा, पहिल्याच दिवशी दंड मागा. तिसऱ्या दिवशी जाऊन "माझे रोजचे शंभर कुठायत" म्हणून टेबल बडवा. म्हणजे साहेब चष्मा वर करून म्हणतील, अजून मुदत आहे की. आणि त्या एका वाक्यात ते बरोबर असतील, दुर्दैवानं.

आता खरं सांगतो, कारण ही नाटकं पुरे झाली. मुदत नक्की काय आहे हे काउंटरपलीकडच्यांनाही धड सांगता येत नाही. रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक 20 सप्टेंबर 2019 चं, 15 ऑक्टोबर 2019 पासून लागू. व्यवहाराचा दिवस सोडून पुढचे पाच दिवस, तेवढ्यात बँकेनं स्वतःहून पैसे परत करायचे. दिवस म्हणजे कॅलेंडरचे दिवस, बँकेच्या कामाचे नव्हेत. माझा व्यवहार शुक्रवार 10 तारखेचा. दुसरा शनिवार मोजायचा, रविवारही मोजायचा, मुदत संपते बुधवारी 15 ला. 16 पासून उशीर, दिवसाला शंभर रुपये. समजा पैसे 19 ला जमा झाले तर 16, 17, 18, 19 असे चार दिवस, चारशे रुपये, आणि तेही न मागता खात्यात यायला पाहिजेत. "सात वर्किंग डेज" म्हणतात तो जुना नियम, तो जाऊन वर्षं झाली, पण शाखेत अजून त्यावरच गाडी चाललीय.

मग लोक विचारतात, मुदत चालू असतानाच कशाला लिहायचं, थांबू की. इथंच गोम आहे. पैसे आपोआप परत येतात ते कधी, तर मशीननं स्वतः "जमलं नाही" असं कळवलं तर. तेव्हा बऱ्याचदा पाच-दहा मिनिटांतच उलट मेसेज येतो, म्हणून आधी मिनी स्टेटमेंट बघा, आले असतील तर अर्ज लिहायचं कामच नाही. लिंक मधेच तुटली तर दोन्हीकडच्या नोंदी जुळवताना फरक सापडतो, ते एखाद-दुसऱ्या दिवसात होतं. पण नोटा मोजून झाल्यात, आत कुठंतरी अडकल्यात किंवा रिजेक्टच्या पेटीत पडल्यात, आणि मशीनच्या नोंदीत मात्र "दिले" असं उमटलंय, तेव्हा सगळ्यांच्या लेखी तुमचा व्यवहार यशस्वी. आपोआप काहीही होणार नाही. दहा हजार जादा आहेत हे कळणार ते कॅश भरणारी एजन्सी पेटी उघडून मोजेल तेव्हा, आणि ते जादा पैसे तुमचे हे कुणीतरी सांगितलं असेल तरच तुमच्यापर्यंत येणार. तुम्हाला बाहेरून कळत नाही आपलं यातलं कुठलं. म्हणून पहिल्या-दुसऱ्या दिवशीच लिहायचं. शाखा बंद असेल तर ॲपमधून, नाहीतर ईमेलनं, मुदतीची तारीख आत टाकून.

माझा अर्ज हा असा आहे, हवा तर उचला, माझी काही हरकत नाही:

"शुक्रवार दि. 10 रोजी संध्याकाळी 7 वाजून 42 मिनिटांनी अमुक बँकेच्या टिळकवाडीतील एटीएमवर, आयडी अमुक, मी 10,000 रुपये काढण्याचा प्रयत्न केला. एकही नोट बाहेर आली नाही. माझ्या खात्यातून, शेवटचे चार आकडे अमुक, रक्कम वजा झाली. कार्डाचे शेवटचे चार आकडे अमुक, संदर्भ क्रमांक अमुक. आजपर्यंत रक्कम परत जमा झालेली नाही. कृपया दि. 15 पर्यंत जमा करावी. त्यापुढं उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या 20 सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकानुसार दिवसाला 100 रुपयांप्रमाणे भरपाई जमा करावी. व्यवहार यशस्वी झाल्याचं आपलं म्हणणं असेल तर मशीनचा ईजे लॉग, कॅश मोजणीतली जादा रक्कम आणि सीसीटीव्ही चित्रण तपासून लेखी कळवावं, आणि तोवर चित्रण जपून ठेवावं. तक्रार क्रमांक द्यावा."

बस. आईचं आजारपण नाही, चोर नाही. "एकही नोट आली नाही" हे वाक्य मात्र गाळू नका, कारण थोडे पैसे येऊन थोडे अडकले तर तो वेगळा किस्सा होतो, आणि मोघम लिहिलं की ते मोघमच उत्तर देतात. पूर्ण कार्ड नंबर लिहू नका, पिन तर कुठल्याच कागदावर नको. दोन प्रती काढा, एकीवर शिक्का आणि तारीख घ्या. शिक्का "आतल्या खोलीत" असेल तर थांबा, तो खोलीतून बाहेर येतो, मी बघितलंय.

ईजे म्हणजे मशीनची स्वतःची वही, नोटा कधी मोजल्या, झडप उघडली की नाही, सगळं त्यात उमटतं. "सिस्टीममध्ये सक्सेस दाखवतंय" एवढं म्हणून कुणी हाकललं तर विचारा, कुठली सिस्टीम, तुमचा स्क्रीन की मशीनची वही? दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत.

आणि काउंटरपलीकडच्या मंडळींनो, तुमच्यातला कुणी हे वाचत असेल तर ऐका. मी दंड मागायला आलो नव्हतो, मुदत चालू आहे हे मलाही कळतं. मी एक अर्ज घ्या म्हणालो. एक कागद. त्यावर एक शिक्का. तक्रार क्रमांक टाकायला तुमच्या कॉम्प्युटरला किती वेळ लागतो ते तुम्हालाच माहीत, पण "नाळे बर्री" म्हणायला लागतो त्याच्याहून फार जास्त नसावा. पगारातून माझे दहा हजार अडकलेत, घरभाडं थांबलंय, घरमालक काही पाच दिवसांचा नियम मानत नाही. तक्रार घ्यायला नकार देणं हा तुमचा अधिकार नाही. समजत नसेल तर विचारून घ्या, वरिष्ठ कशाला असतात? लोकांना या बँकेतून त्या बँकेत पळवू नका. म्हातारी माणसं पेन्शनचं कार्ड घेऊन खेड्यातून बस बदलून येतात, त्यांना तुम्ही हेच सांगता, आणि ती बिचारी "बरं साहेब" म्हणून परत जातात, पैसे सोडून देतात. लाज वाटत नाही?

माझ्या अर्जावर अखेर सोमवारी संध्याकाळचा शिक्का पडलाय. 30 दिवसांत पैसे नाहीत, उत्तर नाही, किंवा उत्तर पटलं नाही, तर तो शिक्का घेऊन रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं, cms.rbi.org.in वर, फी नाही, काही अडलं तर 14448 वर फोन. तोपर्यंत 16 तारखेपासूनचे शंभर-शंभर मी वहीत मांडतोय.