कळव्याच्या बाथरूमची चिठ्ठी : एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया : "ताई, क्लायंटला व्हॉइस पाठवला की आवाजातला जिव्हाळा पोचतो. तुमची ती मुद्द्यांची चिठ्ठी सरकारी नोटिशीसारखी वाटते. शिवाय आता व्हॉट्सअ‍ॅप स्वतःच व्हॉइसचा मजकूर करून दाखवतं. मग रात्री पुन्हा लिहीत बसायचं कशाला? वीस वर्षांच्या धंद्यात मला कधी गरज पडली नाही."

नमस्कार. क्लायंटला लांब व्हॉइस न पाठवता मी मुद्द्यांची लेखी चिठ्ठी पाठवते, असं मी लिहिलं होतं, त्यावरची ही प्रतिक्रिया. जिव्हाळ्याचं म्हणणं मला मान्य आहे, त्याकडे येतेच. आधी माझा एक व्हॉइस मेसेज जसाच्या तसा सांगते, कारण मी चिठ्ठी लिहायला लागले ती त्याच्यामुळे.

कळव्यात एका निवृत्त काकांच्या बाथरूमचं काम चालू होतं. मंगळवार, 11 मार्च 2025. रात्री सव्वाअकरा वाजता नौपाड्याहून घरी परतताना रिक्षात बसून मी बोलले. चार मिनिटांच्या त्या बोलण्यातला कामाचा भाग असा होता : "काका, जेवलात ना? कोटिंग छान सुकलंय, उद्या संध्याकाळी पाणी भरू, अठ्ठेचाळीस तास ठेवावं लागतं, मध्ये धुळवड येतेय, खालच्या वहिनींना सांगून ठेवा. टाइल्सचं म्हणाल तर आपण बारा बाय अठरा बघितल्या होत्या ना, त्या चांगल्याच आहेत, फक्त सांधे जास्त येतात... मला विचाराल तर नवीन माल आलाय बारा बाय चोवीसचा, तोच घेऊ. छतापर्यंत न्यायच्या का तेही बघा. आणि पैशांचं, टाइल्स लागायच्या आधी झालं तर बरं."

बोलताना मला सगळं स्पष्ट होतं. काकांनी मेसेज ऐकला बुधवारी सकाळी. त्यामुळे त्यांच्यासाठी 'उद्या' म्हणजे गुरुवार झाला. बुधवारी संध्याकाळी प्लंबर गेला तर दाराला कुलूप. पाणी भरायला एक दिवस उशीर झाला. टाइल्सचं तर त्याहून वाईट झालं. 'बारा बाय अठरा चांगल्याच आहेत' एवढं काकांच्या लक्षात राहिलं आणि त्यांनी दुकानात जाऊन त्याच बुक केल्या. दुकानदाराने माल परत घेतला, पण टेम्पोचं भाडं मी भरलं, कारण चूक माझी होती.

इथे मला एक गोष्ट कळली. बोलताना माणूस विचार करत करत निर्णयापर्यंत पोचतो. आधी जुना पर्याय येतो, मग त्याची बाजू, मग 'पण', आणि शेवटी निर्णय. ऐकणारा काम करता करता ऐकत असतो, त्याला पहिली ठाम वाटलेली गोष्ट धरून ठेवायची सवय असते. मजकूर करून देणाऱ्या सोयीने हे सुटत नाही. त्या मजकुरातही बारा बाय अठरा आणि बारा बाय चोवीस दोन्ही तसेच येणार, 'उद्या'ही 'उद्या'च राहणार. शिवाय तो मजकूर ज्याला मेसेज मिळतो त्याच्याच फोनवर दिसतो. काकांनी नेमकं काय वाचलं हे मला कळायला मार्ग नाही.

म्हणून आता असं करते. मनातलं सगळं बोलायचं असतं ते मी स्वतःच्याच नंबरवर पाठवते, अगदी रिक्षातूनही. घरी आल्यावर दीडपट वेगाने ऐकते आणि कागदावर फक्त ती वाक्यं उतरवते ज्यांत कुणीतरी काहीतरी करायचं आहे. त्या चार मिनिटांत अशी वाक्यं पाचच निघाली. प्रत्येकापुढे तीन गोष्टी लिहिते : कुणी, कधी, आणि ते झालं नाही तर पुढचं काय अडेल. तिसरी सगळ्यात महत्त्वाची. पाणी भरून ठेवल्यावर खालच्या घराच्या छताला ओल दिसली तर टाइल्स लावताच येत नाहीत, म्हणून चाचणी आधी आणि हप्ता नंतर. बोलण्यातला क्रम सोडून द्यायचा, तारखांचा क्रम धरायचा. 'बघा' आणि 'बघू' हे शब्द दिसले की थांबायचं. त्यांच्यामागे जवळजवळ नेहमी एक न विचारलेला प्रश्न असतो. तो दोन पर्याय देऊन सरळ विचारायचा.

त्या रात्री काकांना जायला हवी होती ती चिठ्ठी ही :

काका, बाथरूमचं पुढचं काम.
टाइल्स : 12 बाय 24 इंच, फिकट करड्या. (ठरलं)
बुधवार 12 मार्च, संध्याकाळी 6 : प्लंबर येऊन नहाणी ट्रॅप बंद करून पाणी भरेल. घरी कुणीतरी हवं.
गुरुवार 13, रात्री 8 पर्यंत, तुमच्याकडून : टाइल्स 7 फुटांपर्यंत (16 पेट्या) की छतापर्यंत (21 पेट्या)?
शुक्रवार 14, संध्याकाळी 6 पर्यंत : पाणी तसंच राहील, बाथरूम वापरायचं नाही.
शनिवार 15, सकाळी 10 : खालच्या घरातलं छत आपण दोघे बघू. वहिनींना आधी तुम्ही सांगावं.
सोमवार 17 : ओल नसेल तर टाइल्स सुरू. त्याआधी ठरलेला दुसरा हप्ता, रु. 40,000.

कोटिंग सुकल्याचं यात नाही, सांध्यांचं कारणही नाही. धुळवडही गेली, कारण तारखा दिल्या की ती आपोआप सांभाळली जाते. काकांची मुलगी पुण्यात असते आणि हप्ता ती भरते. हा मजकूर काका तिला तसाच फॉरवर्ड करू शकले असते. चार मिनिटांच्या व्हॉइसमधलं तिला सांगायचं तर काकांना आठवेल तेवढंच तिच्यापर्यंत पोचणार.

आता जिव्हाळा. चिठ्ठी एकटी गेली तर ती कोरडी वाटते, हे तुमचं निरीक्षण खरं आहे. म्हणून तिच्या आधी मी वीसेक सेकंदांचा व्हॉइस पाठवते : "काका, काम छान चाललंय, काकूंचा गुडघा कसा आहे? खाली सगळं लिहिलंय, निवांत वाचा." त्यात एकही आकडा, एकही तारीख नसते. आवाजाचं काम आवाज करतो आणि आकडे लिखाणात राहतात. आणि छताला ओल दिसली, तोडफोड वाढणार, असं काही असेल तर आधी फोन किंवा प्रत्यक्ष भेट. चिठ्ठी त्यानंतर, बोलण्यात जे ठरलं तेवढंच लिहून. वाईट बातमी थेट लेखी पाठवली तर माणूस दुखावतो, तिथे मी पूर्ण तुमच्या बाजूची आहे.

एक सावधगिरीही सांगते. पाठवलेला मजकूर 15 मिनिटांपर्यंत बदलता येतो, पण क्लायंटने वाचून झाल्यावर मी आकड्यांना हात लावत नाही. 'सुधारित' असं वर लिहून नवी चिठ्ठी पाठवते आणि ती चॅटमध्ये 7 दिवसांसाठी पिन करते. रक्कम वाढत असेल तर चिठ्ठीवर भागत नाही, कोटेशन नव्याने द्यावंच लागतं.

आणि उत्तरात नुसता अंगठा आला की मी पुढे जात नाही. अंगठा म्हणजे 'बघितलं' एवढंच. मी विचारते, "काका, टाइल्सचं माप तुम्हीच एकदा लिहून पाठवा ना." परवा ऐरोलीच्या एका काकूंनी 12 बाय 12 लिहून पाठवलं. माल दुकानातून निघायला तेव्हा तीन तास होते.