४० टक्के फिलर घातलं, रिपोर्टमध्ये २२.७ कसं?

ग्राहकाचा अभिप्राय: "काळ्या पॉलिप्रॉपिलीनमध्ये आम्ही स्वतः ४० टक्के कॅल्शियम कार्बोनेट घातलंय. यांच्या टीजीए रिपोर्टमध्ये, म्हणजे माल तापवत त्याचं वजन मोजण्याच्या चाचणीत, शेवटी उरलं २२.७ टक्के! वर हवेत विघटन एका तापमानाला, नायट्रोजनमध्ये दुसऱ्याच. भरवसा ठेवू नका."

लॅबमालकाचं उत्तर:

नमस्कार. तुमच्या मालात फिलर ४० टक्केच आहे आणि आमचा आलेखही तेच सांगतो. मात्र त्यासाठी शेवटच्या आकड्याआधीची पायरी वाचावी लागते.

८५० अंश सेल्सिअसला पॅनमध्ये उरते ती चुनकळी, म्हणजे कॅल्शियम ऑक्साइड. साधारण ६०० अंशांपुढे कार्बोनेटमधून कार्बन डायऑक्साइड निघून जातो, आणि कार्बोनेटच्या वजनात त्याचा वाटा ४४ टक्के असतो. तुमच्या नमुन्यात ही घट १७.७ टक्के आली. १७.७ भागिले ०.४४ म्हणजे ४०.२ टक्के कार्बोनेट. त्यातून २२.५ टक्के चुनकळी उरायला हवी, उरलं २२.७. हा ०.२ चा फरक किरकोळ आहे. टाल्क मिसळलेलं असतं तर अवशेष याहून ठळकपणे जास्त भरला असता.

आधीच्या दोन पायऱ्या अशा: नायट्रोजनमध्ये ५५० अंशांपर्यंत ५७.६ टक्के घट, ती पॉलिमरची. मग तिथेच तापमान धरून हवा सोडली आणि वजन स्थिरावेपर्यंत थांबलो; कार्बन ब्लॅक जळून २.० टक्के गेले. वायू ५५० लाच बदलायचा, कारण आणखी वर गेलं की कार्बोनेट फुटू लागतं आणि दोन्ही घटी एकमेकींत मिसळतात. शेवटपर्यंत नायट्रोजनच ठेवला तरी घोळ होतो: काही कार्बन ब्लॅक अवशेषात राहतो, तर काही कार्बोनेटमधूनच सुटलेल्या वायूशी ७०० अंशांच्या वर अभिक्रिया करून उडून जाऊ शकतो.

तापमानातल्या फरकाचं म्हणाल, तर तो नमुन्याचा दोष नाही. नायट्रोजनमध्ये पॉलिप्रॉपिलीनची साखळी निव्वळ उष्णतेने तुटते, ४०० च्या पुढे, एकाच सलग उतारात. हवेत ऑक्सिजन साखळीवर आधीच हल्ला करतो, म्हणून वजन ३०० च्या आसपासच घसरू लागतं. हवेतला हा आकडा नमुन्याचा आकार, हवेचा प्रवाह आणि तापवण्याचा वेग यांप्रमाणे बराच हलतो. बॅचची तुलना करताना आम्ही म्हणूनच नायट्रोजनचा आकडा धरतो.

एक मर्यादा मात्र खरी आहे. पॅनमध्ये जेमतेम १० मिलिग्रॅम माल बसतो. फिलर नीट मिसळलं नसेल तर दोन दाण्यांतही फरक येतो. तुमच्याकडे मफल भट्टी असेल तर ५ ग्रॅम दाणे ५५० अंशांना वजन स्थिर होईतो जाळा. राख ४० टक्क्यांच्या जवळ भरेल, आणि विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकताच फसफसेल. तीच राख ८५० ला तापवून बंद डेसिकेटरमध्ये थंड करून लगेच तोला, कारण चुनकळी हवेतला ओलावा ओढून जड होते. वजन मूळ मालाच्या २२ ते २३ टक्क्यांवर येईल. तसं आलं नाही तर दोन्ही राखा आणि उरलेले दाणे पाठवा, आम्ही वेगवेगळ्या दाण्यांवर चाचणी पुन्हा लावू.