आहेर नको, लिंक घ्या

पुतणीचं लग्न ठरलं आणि घरात कामांची वाटणी झाली. अण्णानं हॉल घेतला, वहिनीनं साड्या घेतल्या, आचारी मेहुण्यांनी धरला. मी उरलो. अण्णा म्हणाला, "लांबच्या पै-पाहुण्यांना एक पोस्ट टाक की." बेळगावात वाक्याच्या शेवटी 'की' लावला की डोंगर हलवायचं कामही सोपं वाटतं.

लांबचे म्हणजे निपाणीचे मामा, गडहिंग्लजची आत्या, मडगावचे दोन चुलत भाऊ, दुबईचा भाचा आणि न्यू जर्सीची अक्का. पोस्टमध्ये सांगायचं तीनच गोष्टींबद्दल: अक्षता कधी, घरबसल्या बघायची लिंक कुठली आणि आहेर आणू नये. म्हटलं, दहा मिनिटांचं काम.

आधी व्हॉट्सॲपवर ब्रॉडकास्ट लिस्ट केली. त्रेपन्न जणांना एका झटक्यात आमंत्रण गेलं आणि पोचलं अकरा जणांना. ब्रॉडकास्टचा नियम असा, की ज्यानं आपला नंबर सेव्ह केलाय त्यालाच निरोप जातो. आता लांबचा नातेवाईक म्हणजे तरी काय? ज्याच्या फोनात आपला नंबर नसतो तो! उरलेल्या बेचाळीस जणांना एकेक करून पाठवलं. त्यातल्या सहा जणांनी 'आपण कोण?' असं विचारलं. एकाला सगळं गणगोत समजावून सांगितल्यावर त्यानं 'चुकीचा नंबर' असं कळवलं. पण आग्रहाबद्दल आभार मानले.

मग लिंक. व्हिडिओवाल्या पोरानं मला यूट्यूबच्या दोन वाटा समजावल्या. Private केलं तर एकेकाचा ईमेल गोळा करून परवानगी द्यायची. Unlisted केलं तर ज्याच्या हातात लिंक तो बघणार, बाकीच्यांना शोधून सापडणार नाही. आत्याचा ईमेल काढण्यापेक्षा मुलीला दुसरं स्थळ काढणं सोपं, म्हणून Unlisted. त्यानं लाईव्ह आधीच लावून ठेवलं, त्यामुळं लिंक आठ दिवस अगोदर हातात आली. मी ती पोस्टमध्ये चिकटवली आणि पुढं शुद्ध मराठीत लिहिलं, '…वर विवाहसोहळा पाहता येईल.'

संध्याकाळी आत्याचा फोन. "व्हिडिओ उपलब्ध नाही म्हणतंय. लग्न मोडलं काय रं?"

तासभर गेला तेव्हा कळलं. मराठीत 'वर' हे शब्दाला चिकटून येतं, म्हणून मी ते लिंकलाही चिकटवलं होतं. फोनला व्याकरण कुठलं? त्यानं लिंकच्या अक्षरांबरोबर 'वर'सुद्धा निळं करून टाकलं आणि त्या नावाचा व्हिडिओ जगात कुठंच नव्हता. लग्नाला वर लागतोच, पण लिंकला लागला की ती उघडत नाही. शेवटी लिंक एकटीच एका ओळीत ठेवली. मागं-पुढं ना शब्द, ना पूर्णविराम. निपाणीच्या मामांनी तोवर ती वहीत उतरवून घेऊन हातानं टाइप केली होती. त्यात लहान-मोठी इंग्रजी अक्षरं वेगवेगळी धरतात हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांचीही उघडली नाही.

पण खरं रामायण तिसऱ्या ओळीवरनं झालं. मी लिहिलं होतं, 'आहेर स्वीकारला जाणार नाही.' वहिनी म्हणाली, "ही लग्नपत्रिका आहे का बँकेची नोटीस?" मग 'कृपया आहेर आणू नये' केलं. त्यावर मेहुणे म्हणाले, मग आमचं पण टॉवेल-टोपी बंद काय? त्यांना मानपान वेगळं आणि आहेर वेगळा हे सांगितलं. 'आपली उपस्थिती हाच आहेर' ही पिढीजात ओळ घालून बघितली. दुबईचा भाचा म्हणाला, "काका, मी तर उपस्थित नाही. म्हणजे मी द्यायचा?"

एवढ्यात आईनं ट्रंकेतनं वही आणली. लाल कापडी बांधणीची, कडा वाळवीनं खाल्लेली. बापांच्या अक्षरात आमच्या घरातल्या प्रत्येक कार्याचा आहेर. माझ्या लग्नाच्या पानावर निपाणीच्या मामांपुढं 'स्टीलची कळशी 1, नाव घातलेली', आणि त्याच ओळीत दुसऱ्या शाईनं, मामांच्या पोरीच्या लग्नात आपण दिलं ते 'पातेलं झाकणासहित'. आत्याची ओळ मात्र अर्धी. तिनं दोनदा दिलेलं, आपण एकदाच.

"तू नको लिहून मोकळा होशील," आई म्हणाली. "पण ज्यांचं आपल्याकडनं येणं आहे त्यांना वाटेल आम्ही व्यवहार बंद केला. आणि ज्यांनी आपल्याला द्यायचंय ते म्हणतील, बरं झालं."

म्हणजे माझी ती सभ्य ओळ म्हणजे एका बाजूनं कर्जमाफी आणि दुसऱ्या बाजूनं दिवाळखोरी! अखेर आईनंच मजकूर सांगितला: 'आपलं देणं-घेणं पिढ्यांचं आहे, ते तसंच राहू दे. या कार्यात मात्र आहेर आणू नका. अक्षता टाकायला या, येता नाही आलं तर तिथनं टाका.' मी एक अक्षर बदललं नाही.

मुहूर्त रविवारी दुपारी 12.32 चा. लाईव्ह बाराला सुरू होणार. शनिवारी हळद झाली, आम्ही हॉलवर रुखवत मांडत होतो. रात्रीचे बारा वाजून गेले आणि अक्काचा व्हिडिओ कॉल आला. पैठणी, नथ, मागं भावजींनी सदरा घातलेला, समोर टिपॉयवर वाटीत अक्षता.

"अरे, अजून काळंच दिसतंय की! गुरुजी आले नाहीत काय?"

तिच्याकडं शनिवारची दुपार, दीड वाजून गेलेला. व्हिडिओवाल्यानं विचारलं होतं, वेळ काय घालू, आणि मीच ऐटीत त्याच्या हातातनं फोन घेऊन 12:00 AM निवडलं होतं. AM म्हणजे मध्यरात्र. ते पान बघणाऱ्याला त्याच्या त्याच्या गावची वेळ आपसूक दाखवतं, म्हणून अक्कानं माझ्या पोस्टपेक्षा पडद्यावर विश्वास ठेवला आणि शनिवारी दुपारी दीडला नटून बसली. खरी वेळ तिच्याकडं रविवारी पहाटे दीड. थंडीच्या दिवसांत तिथलं घड्याळ आपल्या साडेदहा तास मागं असतं. पोराला उठवून AM चं PM केलं. वेळ बदलली तरी लिंक तीच राहते, एवढंच त्यातल्या त्यात सुख. अक्का म्हणाली, "पैठणी काढत नाही आता, अशीच झोपते."

दुसऱ्या दिवशी मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा मी फोनवर अक्काला धरून होतो, आवाज पोचतोय का बघायला. इकडं गुरुजी 'सावधान' म्हणाले, हॉलभर अक्षता उडाल्या, बँड वाजला. अक्का हात वर करून तशीच थांबलेली. "टाक की!" मी ओरडलो. "माझ्याकडं अजून अंतरपाट आहे," ती म्हणाली. लाईव्ह वीसेक सेकंद मागनं जातं. आमच्याकडं हार घालून झाले, पेढा गेला, आणि मग जर्सीच्या गालिच्यावर अक्षता पडल्या.

संध्याकाळी फोन बघितला. निपाणीच्या मामांकडनं 501 रुपये, सोबत निरोप: 'हा आहेर नव्हे. पोरीला खाऊ.' आत्याकडनं 1101, 'कुंद्यासाठी'. भाच्याकडनं 2001, 'डेटा पॅकचे'. आईला वाचून दाखवलं. तिनं चष्मा लावला, वहीत नवीन पान उघडलं, वर पुतणीचं नाव घातलं आणि पेन माझ्या हातात दिलं.

"खाऊ म्हणूनच लिही," म्हणाली. "पण आत्याचं आधी."